बरोक संगीतातील अलंकार-चिन्हांचे वाचन : ट्रिल व मॉर्डंट यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
गोव्यातील व कोकणातील चर्चसंगीतामुळे पाश्चात्त्य स्वरलेखन या प्रदेशाला सर्वस्वी अपरिचित नाही. तथापि सतराव्या-अठराव्या शतकांतील, म्हणजेच बरोक कालखंडातील, स्वरलिपी वाचताना स्वरांच्या डोक्यावरील लहान नागमोडी रेषा अभ्यासकाला अडवतात. या रेषा म्हणजे अलंकारांची चिन्हे होत. त्यांचे वाचन कसे करावे, हे प्रस्तुत लेखात योहान सेबास्टियन बाख याने केलेल्या एका तक्त्याच्या आधारे स्पष्ट केले आहे.

बाखचा तक्ता :
बाखने इ.स. १७२० मध्ये आपला नऊ वर्षांचा मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान याच्यासाठी एक वही घातली. तिच्या आरंभी ‘एक्स्प्लिकात्सिओ’ या शीर्षकाचा १३ अलंकारांचा तक्ता आहे. वरच्या ओळीत चिन्ह आणि त्याच्या खाली प्रत्यक्ष वाजवावयाचे स्वर, अशी त्याची मांडणी आहे. फ्रेंच वादक दांग्लबेर याच्या १६८९ च्या ग्रंथातील तक्त्याचा आदर्श त्यामागे आहे.

सोयीसाठी ‘सी’ या स्वराला ‘सा’ मानू. ‘सा’वर नुसती नागमोडी रेषा असेल तर तो ट्रिल होय, व तो ‘रे सा रे सा’ असा वाजवावयाचा असतो. त्याच रेषेला मधोमध उभी रेघ छेदत असेल तर तो मॉर्डंट होय; त्याचे वाचन ‘सा नि सा’ असे होते. म्हणजे एका उभ्या रेघेने अलंकाराची दिशा बदलते. ट्रिल वरच्या स्वराकडे जातो, मॉर्डंट खालच्या. तक्त्यातील ‘काडेन्स’ हा अलंकार ‘रे सा नि सा’ असा आहे. भातखंडे स्वरलेखनपद्धतीत कंसातील (प) हा ‘धपमप’ असा वाचला जातो, हे आपणांस ठाऊकच आहे. दोन्ही ठिकाणी क्रम एकच आहे : वरचा स्वर, मूळ स्वर, खालचा स्वर, पुन्हा मूळ स्वर. अर्थात हे साम्य स्वरक्रमापुरतेच आहे. गळ्यातील मुरकी आणि हार्पसिकॉर्डच्या पट्ट्यांवरील अलंकार यांचा उच्चार भिन्न असतो.

ट्रिलचा आरंभ वरच्या स्वराने का? :
याचे कारण स्वरसंवादात आहे. एखाद्या चरणाच्या शेवटी खालच्या भागात ‘प’ वाजत असून वरच्या भागात ‘नि’वर ट्रिल आहे, असे समजा. ट्रिल तार ‘सा’पासून सुरू झाला, तर ठोक्यावर ‘प’ व ‘सा’ हे अंतर पडते. त्या काळच्या पाश्चात्त्य शास्त्रानुसार खालच्या स्वरापासूनचे हे चौथे अंतर विसंवादी असून त्याचे ‘नि’वर निराकरण व्हावे लागते. हा क्षणिक ताण हेच ट्रिलचे प्रयोजन आहे. वादकाने थेट ‘नि’पासून आरंभ केला, तर ताण नाहीसा होतो आणि उरते ती केवळ थरथर. पडताळा सोपा आहे : पहिला स्वर किंचित लांबवून अतिसंथ लयीत वाजवावा, ठोक्यावर ताण व नंतर विसावा ऐकू आला, तर वाचन बरोबर.

एक उदाहरण :
बाखच्या नावे प्रसिद्ध असलेल्या डी मायनरमधील ‘टोकाटा व फ्यूग’ या ऑर्गनरचनेचा आरंभ ‘ए’ या स्वरावरील मॉर्डंटने होतो. ‘डी’ला ‘सा’ मानल्यास हा स्वर ‘प’ ठरतो. म्हणून त्याचे वाचन ‘प म प’ असे होते. उभ्या रेघेकडे दुर्लक्ष करून ‘प ध प’ वाजवणे ही चूक होय. अलंकारातील शेजारचा स्वर शुद्ध की विकृत, हे सामान्यतः रचनेच्या स्वरसप्तकावरून ठरते. चिन्हापाशी लहान शार्प वा फ्लॅट लिहिलेला असल्यास तो प्रमाण मानावा.

मर्यादा :
या तक्त्याला नियमांचा संपूर्ण ग्रंथ समजू नये. ट्रिलमधील आवर्तनांची संख्या निश्चित नसते. स्वराची लांबी व लय यांवरून ती ठरवावी लागते. बाख स्वतः नागमोडी रेषेऐवजी कित्येकदा ‘टी’ व ‘आर’ ही दोन रोमन अक्षरे लिहितो, तेव्हाही अर्थ ट्रिल असाच असतो. शिवाय काळानुसार प्रघात बदलला. हुमेल याने १८२८ च्या आपल्या पियानो-ग्रंथात ट्रिल मूळ स्वरापासून सुरू करण्याचा पुरस्कार केला. नंतरच्या काही पुस्तकांत ‘मॉर्डंट’ हे नावही वरच्या दिशेच्या अलंकारास दिलेले आढळते.

समारोप :
यावरून असे दिसते की, नावापेक्षा चिन्हाची आकृती आणि रचनेचा काळ हेच वाचनाचे विश्वसनीय आधार होत. प्रथम उभी रेघ आहे किंवा नाही ते पाहावे, नंतर सप्तकावरून शेजारचा स्वर ठरवावा आणि शेवटी खालच्या भागातील स्वराशी त्याचा संबंध कानाने तपासावा.