दुकान मालकाचं, नाव कंपनीचं

उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की जरीपटक्याचा बाजार दुपारी सुस्तावतो आणि रात्री जागा होतो. जेवणं आटोपून कुटुंबंच्या कुटुंबं बाहेर पडतात आणि अकरा वाजताही आईस्क्रीमच्या काउंटरसमोर गर्दी असते. यंदा मार्केटिंगच्या वर्गाला वितरण साखळीवर असाइनमेंट द्यायची होती. पुस्तकातली आकृती फळ्यावर काढण्याआधी ती साखळी चालताना पाहावी, म्हणून मी इथल्या एका फ्रँचायझी पार्लरच्या काउंटरमागे जाऊन बसू लागलो. कंपनीचं आणि मालकाचं नाव इथे मुद्दामच देत नाही.

जरीपटक्यात हे पाहण्याचा एक फायदा आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभा केलेला हा बाजार जुन्या पद्धतीच्या साखळीवर वाढला. कारखानदार ठोक व्यापाऱ्याला विकतो, ठोक व्यापारी दुकानदाराला, दुकानदार गिऱ्हाईकाला. प्रत्येक जण माल विकत घेतो, आपला नफा चढवतो आणि पुढे सरकवतो. मालाचं पुढे काय झालं, कुणी तो उन्हात ठेवला की शेजारच्या कंपनीच्या मालामागे दडवला, याच्याशी मागच्याचा संबंध संपतो. व्हर्टिकल मार्केटिंग सिस्टिम म्हणजे हा तुटलेला संबंध जोडणं. कारखान्यापासून काउंटरपर्यंतचे सगळे एकाच योजनेखाली चालतात. ते जोडण्याचे मार्ग तीन: सगळं एकाच्या मालकीचं असणं, सगळ्यांना कराराने बांधणं, किंवा साखळीतल्या बलदंडाच्या वजनाखाली बाकीच्यांनी आपणहून चालणं. फ्रँचायझी हा दुसऱ्या मार्गाचा सर्वांत पसरलेला प्रकार. दुकानाचा गाळा, नोकर, भांडवल, वीजबिल मालकाचं. पाटी, पाककृती, माल आणि नियम कंपनीचे.

या रचनेचं बळ कशात आहे ते रात्री उशिरा दिसतं. पगारी व्यवस्थापक असता तर ठरल्या वेळी शटर ओढून घरी गेला असता. इथे मालक स्वतः उभा. कोणता मुलगा स्कूप भरताना हात सैल सोडतो, कोणतं कुटुंब दर शनिवारी येतं, लग्नसराईत कोणत्या गल्लीतून मोठी ऑर्डर निघेल, हे त्याला तोंडपाठ. कंपनीला हे ज्ञान पगार देऊन मिळत नाही. शिवाय भांडवल मालकाचं असल्याने कंपनी स्वतःचा पैसा न अडकवता शहरामागून शहर उघडत जाते.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू. एका सकाळी दुकान उघडल्यावर मालकाने फ्रीझरमधून एक कप काढून माझ्यासमोर ठेवला. झाकणाच्या आत बर्फाचा भुगा साचला होता, आईस्क्रीम कपाच्या कडेपासून सुटून आत खेचलं गेलं होतं आणि जिभेवर रवाळ लागत होतं. आईस्क्रीम उणे १८ अंशांवर किंवा त्याखाली राहायला हवं. ते अर्धवट वितळलं की बर्फाचे बारीक कण वितळतात आणि पुन्हा गोठताना मोठे होतात. आत कोंडलेली हवा निसटते आणि घट्ट झालेला गोळा आकसतो. एकदा असं झालं की पुन्हा कितीही थंड केलं तरी ते पूर्ववत होत नाही. वाहतुकीत गाडी बंद पडली असेल, असं मी म्हटलं. मालकाने मान हलवली.

"गाडी नाही सर. रात्री फ्रीझर बंद करतो मी. झाकण बंद असलं तर सकाळपर्यंत थंड राहते."

"आणि कंपनीने विचारलं तर?"

"बिल कंपनी भरत नाही, मी भरतो."

हिशेब करून पाहू. समजा, एक काचेचा फ्रीझर दिवसाला ६ युनिट वीज खातो आणि व्यापारी दराने युनिटला १२ रुपये पडतात. म्हणजे दिवसाला ७२ रुपये, तीन फ्रीझरचे महिन्याला जवळपास साडेसहा हजार. रात्रीचे आठ तास बंद ठेवले तर एक तृतीयांश, म्हणजे दोन हजारांहून थोडे जास्त वाचावेत. प्रत्यक्षात तेवढे वाचत नाहीत, कारण सकाळी कॉम्प्रेसरला गमावलेली थंडी परत मिळवावी लागते. तरीही जे काही वाचतं ते थेट मालकाच्या खिशात जातं. नुकसान मात्र त्याच्या एकट्याचं होत नाही. रवाळ कप खाणारा माणूस "या दुकानाचं आईस्क्रीम वाईट" म्हणत नाही, "या कंपनीचं आईस्क्रीम वाईट" म्हणतो, आणि पुढच्या वेळी सदर किंवा धरमपेठेतल्या त्याच पाटीच्या दुकानातही शिरत नाही. बचत एकाची आणि बदनामी सगळ्यांची, हा फ्रँचायझीतला मूळ दोष आहे. रात्री अकराला काउंटरवर उभं राहणारी काटकसरी मालकीच इथे फ्रीझरचं बटण बंद करते. दोन्ही एकाच स्वभावातून येतात, त्यामुळे एक ठेवून दुसरं काढून टाकता येत नाही.

मग कंपनी लक्ष ठेवते, पण कशावर? माणूस पाठवून फ्रीझर तपासणं महाग आणि निरुपयोगी. तो दिवसा येतो, बटण रात्री बंद होतं. तापमान नोंदवणारं यंत्र बसवणं जास्त कामाचं. माल आणि विक्रीच्या बाबतीत मात्र खरी तपासणी कागदावर होते. दुकानात ४ लिटरचे डबे येतात आणि १०० मिलिलिटरचा स्कूप ठरलेला आहे असं धरू. एका डब्यातून ४० स्कूप निघायला हवेत. महिन्यात २० डबे घेतले तर ८००. आता बिलिंग मशीनवर ९५० स्कूप दिसले, तर एकतर स्कूप ८४ मिलिलिटरच्या आसपास भरला जातोय, नाहीतर दुसरीकडून स्वस्त आईस्क्रीम आणून याच पाटीखाली विकलं जातंय. उलट ६०० च दिसले, तर सांडलेलं-वितळलेलं थोडं सोडून उरलेली विक्री बहुधा बिलाशिवाय झाली आहे.

यातली कोणती चोरी होईल, हे कंपनी आपली कमाई कुठून घेते त्यावर ठरतं. कंपनी विक्रीवर टक्केवारीने रॉयल्टी घेत असेल, तर मालकाला विक्री लपवावीशी वाटते. समजा ६० रुपयांचा स्कूप आणि ६ टक्के रॉयल्टी. लपवलेल्या २०० स्कूपांवर ७२० रुपये वाचतात, आणि कर बुडतो तो वेगळाच. कंपनी रॉयल्टी न घेता मालाच्या किमतीतच आपला नफा घालत असेल, तर कंपनीपासून विक्री लपवण्यात काही अर्थ उरत नाही; त्याऐवजी बाहेरचा माल आत आणण्याचा मोह होतो. रॉयल्टीचा आणखी एक पेच आहे. ती विक्रीवर मिळते, नफ्यावर नाही. म्हणून एकावर एक मोफत देणारी योजना कंपनीला हवी असते आणि मालकाला नको असते, कारण फुकटचा कप त्याच्या खर्चातला असतो.

अमूलची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. १९४६ मध्ये खेडा जिल्ह्याच्या संघापासून सुरू झालेली आणि १९७३ मध्ये राज्य महासंघाखाली एकत्र आलेली ही साखळी दूध घालणाऱ्या शेतकऱ्यापासून वरपर्यंत सहकारी मालकीची आहे; शेवटचं दुकान मात्र खासगी माणसाचं. दुकानदाराकडून रॉयल्टी घेतली जात नाही. अमूलने जाहीर केलेल्या दरांनुसार छापील किमतीवर पिशवीच्या दुधाला अडीच टक्के, दुग्धपदार्थांना १० टक्के, बंद आईस्क्रीमला २० टक्के आणि दुकानात तयार करून द्यायच्या स्कूप, शेक, पिझ्झा अशा पदार्थांना ५० टक्के मार्जिन आहे. लाखाचं दूध विकून अडीच हजार हाती येतात. तेवढेच पाच हजारांच्या स्कूप-शेकमधून सुटतात. त्यामुळे दूध गिऱ्हाईकाला रोज दुकानात आणतं आणि भाडं स्कूप भरतो. दुकानात कोणत्या मालाला पुढची जागा द्यायची हे सांगायला निरीक्षक लागत नाही, मार्जिनच ते सांगतं. मर्यादाही तिथेच आहे. अडीच टक्क्यांत पहाटेचा नोकर परवडत नाही असं दुकानदाराला वाटलं, तर तो दूध उशिरा विकायला ठेवेल, आणि या साखळीच्या मुळाशी असलेल्या शेतकऱ्याचा माल नेमका तोच आहे.

लक्ष ठेवण्याचा अतिरेकही महागात पडतो. मारुती सुझुकीच्या डीलरांना कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे सूट द्यायला बंदी होती. खोटे गिऱ्हाईक पाठवून तपासणी व्हायची आणि जास्त सूट देणाऱ्या डीलरला दंड व्हायचा. कंपनीच्या बाजूने यात तर्क आहे: एकाच शहरातले डीलर सवलतीत एकमेकांना कापत सुटले की शोरूम आणि सेवेवर खर्च करायला कुणाकडेच पैसे उरत नाहीत. पण त्या स्पर्धेचा फायदा गिऱ्हाईकाला मिळत असतो. महाराष्ट्र-गोवा विक्री विभागाविषयी आलेल्या निनावी तक्रारीवरून चौकशी झाली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३(४) मध्ये पुनर्विक्रीची किंमत बांधणं, एका मालासोबत दुसरा माल गळ्यात मारणं, दुसऱ्याचा माल ठेवायला मनाई करणं अशा करारांचा उल्लेख आहे. ते सरसकट बेकायदा नाहीत. बाजारातल्या स्पर्धेला त्यांच्यामुळे लक्षणीय बाधा आली किंवा येण्याची शक्यता असली, तर ठरतात. फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा आपल्याकडे नाही. १८७२ चा करार कायदा, ट्रेडमार्क कायदा आणि हे कलम, एवढ्यावरच बहुतेक भांडणं निकाली निघतात.

जरीपटक्याच्या त्या दुकानात तोडगा शेवटी पैशातूनच निघाला. कंपनीच्या वितरकाने उन्हाळ्याचे चार महिने वीजबिलाचा काही भाग देऊ केला. अट एवढीच की फ्रीझरमध्ये तापमान नोंदवणारं यंत्र राहील आणि नोंद अखंड असेल. बटण तेव्हापासून चालू राहिलं.

विद्यार्थ्यांना मी आता असाइनमेंटमध्ये फायदे-तोटे यांचा तक्ता मागत नाही. एक फ्रँचायझी दुकान निवडा आणि तीन प्रश्नांची उत्तरं आणा, असं सांगतो: कंपनी कमाई विक्रीतून घेते की मालातून, दर्जा राखण्याचा खर्च कुणाच्या खिशातून जातो, आणि दर्जा घसरला तर नुकसान कुणाचं होतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेगवेगळं निघालं, की त्या साखळीत ताबा कुठे सुटणार हे कळतं. फ्रँचायझी घ्यायला निघालेल्यांनीही सही करण्याआधी हेच विचारावं, आणि उत्तरं करारात लिहून घ्यावीत.