परीक्षेसाठी काम सोडताना: सबब, समर्थन आणि उरलेलं देणं

मागच्या व्याख्यानात आपण वचनाबद्दल बोललो. वचन दिलं म्हणजे आपण स्वतःला बांधून घेतो, इथपर्यंत आलो होतो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, की बांधून घेतल्यावर सुटायचं असेल तर? आज त्याचं उत्तर एका साध्या पत्राच्या आधारे शोधू. पत्र आहे एका विद्यार्थिनीचं. महाविद्यालयातलं अर्धवेळ काम परीक्षेसाठी सोडते आहे, एवढंच त्यात लिहायचं होतं.

आम्ही काही वर्षं महाविद्यालयात 'कमवा आणि शिका' योजनेचं काम पाहत होतो. ही योजना आपल्याकडे नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, आणि कष्ट करून शिकण्याची कल्पना रुजवली. आज अनेक महाविद्यालयांत मुलं ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, कार्यालयात, बागेत रोज दोन-तीन तास काम करतात, आणि तासांच्या हिशेबानं महिन्याला मानधन घेतात. खानावळीचं बिल त्यातूनच जातं.

तर ही मुलगी ग्रंथालयात होती. रोज तीन तास. परत आलेली पुस्तकं मांडणीत लावायची, आणि भेट आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारून दाखल क्रमांक टाकायचे. २० एप्रिलला तिची सत्र परीक्षा सुरू होणार होती, आणि दोन विषय मागच्या सत्रातले राहिलेले होते. मार्चच्या मध्यावर ती आमच्याकडे कागद घेऊन आली. म्हणाली, "सर, एवढं बघता का? मॅडमना द्यायचंय." मॅडम म्हणजे ग्रंथपाल. कागदावर असं होतं:

"महोदया, माझी प्रकृती ठीक नसल्याने व घरी अडचण असल्याने मी यापुढे कामावर येऊ शकत नाही. तरी मला कामातून मुक्त करावे ही नम्र विनंती. तसदीबद्दल क्षमस्व."

आम्ही विचारलं, "काय होतंय तुला?" ती म्हणाली, "काही नाही सर. पण परीक्षा म्हटलं तर चालेल का? परीक्षा तर सगळ्यांनाच असते."

आता बघा, खरी गोष्ट इथे आहे. या मुलीकडे चांगलं कारण होतं. ते लपवून तिनं वाईट कारण लिहिलं होतं, आणि वर ते खोटंही होतं. असं का होतं?

ऑक्सफर्डला जे. एल. ऑस्टिन नावाचे तत्त्वज्ञ होते. १९५६ साली त्यांनी सबबींवरच एक व्याख्यान दिलं. त्यात त्यांनी एक फरक दाखवला, तो आपल्या कामाचा आहे. आपल्यावर ठपका आला की उत्तर द्यायच्या दोन वाटा असतात. पहिली वाट अशी, की हो, हे मी केलं, पण परिस्थिती पाहता ते करणं योग्यच होतं. याला समर्थन म्हणू. दुसरी वाट अशी, की झालं ते चांगलं नाही, पण दोष पूर्णपणे माझा नाही, माझ्या हातात नव्हतं. ही सबब. समर्थनात मी जबाबदारी घेतो आणि कृती वाईट असल्याचं नाकारतो. सबबीत कृती वाईट होती हे मान्य करतो, आणि जबाबदारी हलकी करतो.

"प्रकृती ठीक नाही" ही सबब आहे. रजेच्या अर्जात आपण सगळ्यांनीच ती कधी ना कधी वापरली आहे, नाही का? ती सोयीची वाटते, कारण आजारी माणसाला कोणी उलट प्रश्न विचारत नाही. पण तिची किंमत काय? सबब सांगताना त्या मुलीनं नकळत कबूल केलं, की काम सोडणं हा गुन्हा आहे आणि आपण तो नाइलाजानं करतो आहोत. प्रत्यक्षात तिनं निर्णय घेतला होता. विचारपूर्वक घेतला होता. तो निर्णय पत्रात कुठेच नव्हता.

व्यवहारातही सबब फसते. दहा दिवसांनी ही मुलगी त्याच ग्रंथालयाच्या अभ्यासिकेत बसलेली ग्रंथपालांना दिसणार. म्हणजे एकतर तिनं तोंड लपवायचं, किंवा मॅडमनी मनात म्हणायचं, हिची प्रकृती बरी दिसते की! परीक्षेनंतर जूनमध्ये पुन्हा काम मागायला जायचं, तर कोणत्या तोंडानं? सबब ओळखायची एक साधी खूण आम्ही मुलांना सांगत असू. पत्र दिल्यानंतर महिनाभर तुम्हाला काही लपवत वागावं लागणार असेल, तर ती सबब आहे.

मग "परीक्षा आहे" हे समर्थन म्हणून टिकतं का? नुसतं टिकत नाही. तिची शंका बरोबर होती, परीक्षा सगळ्यांनाच असते. समर्थनाला हिशेब लागतो. तो आम्ही दोघांनी कागदावर मांडला. १ एप्रिलपासून परीक्षेपर्यंत सुट्ट्या वगळून साधारण १५ दिवस. रोज तीन तास, म्हणजे ४५ तास. तासाला ५० रुपये धरले तर २,२५० रुपये जाणार. दुसऱ्या बाजूला, राहिलेल्या दोन विषयांची प्रत्येकी पाच प्रकरणं. एका प्रकरणाला चार तास धरले तर ४० तास. नेहमीचे विषय संध्याकाळच्या वेळात बसत होते, हे दोन बसत नव्हते. म्हणजे जे ४५ तास मोकळे होत होते, त्यांना ठरलेलं काम होतं. खानावळीचं एक महिन्याचं ती भावाकडून घेऊ शकत होती. एवढं जुळल्यावर आम्ही म्हटलं, आता हे समर्थन झालं.

हा हिशेब उलटाही येऊ शकतो, हे लक्षात घ्या. मोकळ्या तासांत काय करणार हे सांगता येत नसेल, तर काम सोडून अभ्यास वाढत नाही, नुसते पैसे जातात. काही मुलांना तीन तासांचा दीड तास करून मिळतो, तेवढं पुरतं. तेव्हा आधी ते विचारावं. आणि मानधन बंद झाल्यावर जेवणाचीच पंचाईत होणार असेल, तर परीक्षेसाठी काम सोडणं परीक्षेच्याच मुळावर येतं.

समर्थन मिळालं म्हणजे आपण सुटलो का? इथे दुसरे ऑक्सफर्डकर येतात, डेव्हिड रॉस. १९३० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात कर्तव्यांचा एक वेगळा विचार आहे. आपल्यावर एकाच वेळी अनेक कर्तव्यं असतात, आणि कधी त्यांची टक्कर होते. मित्राला भेटायचं कबूल केलं आहे, आणि वाटेत अपघातात सापडलेल्याला मदत करायची वेळ आली. आपण मदत करतो, ते बरोबरच. पण रॉस म्हणतात, मागे पडलेलं कर्तव्य नाहीसं होत नाही. वचन मोडल्याची लाज वाटायचं कारण नाही, पण चुटपुट राहते, आणि त्या मित्राची कशी ना कशी भरपाई करणं आपल्याकडे लागतं. यालाच आम्ही उरलेलं देणं म्हणतो.

आमच्या मते काम सोडण्याचं पत्र खरं तर या देण्यासाठी असतं. कारण एका ओळीत सांगून होतं. उरलेल्या ओळींत देणं फेडायचं असतं.

म्हणून आम्ही तिला विचारलं, तू उद्यापासून गेलीस नाहीस तर कोणाचं काय अडेल? ती थोडा वेळ गप्प बसली. मग एकेक सांगू लागली. भेट आलेल्या १४० पुस्तकांपैकी ५० पुस्तकांवर दाखल क्रमांक टाकायचे राहिले होते. कुठल्या क्रमांकापर्यंत आलो हे फक्त तिला माहीत होतं. कपाटाची एक किल्ली तिच्याकडे होती. मार्चच्या हजेरीपत्रकावर मॅडमच्या सह्या बाकी होत्या, आणि सही नाही तर त्या तासांचे पैसे नाहीत. शिवाय योजनेच्या यादीत एक मुलगा कामाची वाट पाहत होता. ही न सांगता गेली असती, तर जागा कागदावर भरलेलीच राहिली असती, आणि त्या मुलाचा महिना फुकट गेला असता. आमच्या अनुभवात न सांगता जाणाऱ्यांचा त्रास सगळ्यात जास्त या रांगेतल्या मुलाला व्हायचा, आणि तो तर पत्रात कुठेच नसतो.

मग तिनं स्वतःच दुसरं पत्र लिहिलं:

"महोदया, माझी सत्र परीक्षा २० एप्रिलपासून सुरू होत असून मागील सत्राचे दोन विषयही द्यायचे आहेत. त्यांच्या अभ्यासासाठी मी ग्रंथालयातील काम थांबवण्याचे ठरवले आहे. ३१ मार्च हा माझा शेवटचा दिवस असेल. भेट आलेल्या पुस्तकांपैकी ५० पुस्तकांची नोंद बाकी आहे, ती रोज पाचप्रमाणे तोपर्यंत पूर्ण करेन. कपाटाची किल्ली शेवटच्या दिवशी आपल्याकडे देईन. माझ्या जागी येणाऱ्या विद्यार्थ्याला दोन दिवस काम दाखवू शकेन. मार्चच्या हजेरीपत्रकावर आपली सही मिळावी, ही विनंती. परीक्षेनंतर जागा असल्यास पुन्हा काम करण्याची इच्छा आहे. येथे काम करताना पुस्तके शोधायला शिकले, याबद्दल आपले आभार. आपली विश्वासू."

पत्राची तारीख होती १६ मार्च, म्हणजे पंधरा दिवस आधी. एक प्रत योजनेच्या फायलीत लावली.

पहिल्या पत्रात "मुक्त करावे ही विनंती" होती. दुसऱ्यात "ठरवले आहे" आहे, आणि विनंती फक्त सहीसाठी आहे. जे आपल्या हातात आहे ते ठरवून सांगावं, आणि जे समोरच्याच्या हातात आहे ते मागावं. "क्षमस्व" गेलं, कारण क्षमा मागावी असं काही घडलंच नव्हतं. चुटपुट होती, ती ५० पुस्तकांत उतरली.

ग्रंथपालांनी पत्र वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "पाच कशाला, रोज चार केलीस तरी होतील. बाकीची मी बघते." देणं मोकळेपणानं कबूल केलं, की समोरचा माणूस त्यातलं थोडं सोडून देतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिलं आहे. पण ते सोडणं त्याच्याकडून यायला हवं. आपण आधीच धरून चालायचं नाही.

मागच्या वेळच्या प्रश्नाकडे येऊ. वचनातून सुटता येतं का? येतं, समर्थन असेल तर. पण मागे काय राहतं याची यादी आपली आपण करायची, आणि जाण्याआधी ती समोरच्याच्या हातात द्यायची. पुढच्या वेळी, ज्याला वचन दिलं तो माणूसच हयात नसेल तर त्या देण्याचं काय होतं, ते पाहू.