वृत्तचिती डब्यासाठी लागणारा किमान पत्रा

ठरावीक घनफळाचा आणि दोन्ही टोकांना बंद असलेला वृत्तचितीच्या आकाराचा डबा कमीत कमी पत्र्यात कसा तयार होईल, हा अवकलनाच्या उपयोजनांमधील एक नमुनेदार प्रश्न आहे. पत्र्याची जाडी सर्वत्र सारखी असेल आणि कापताना पत्रा मुळीच वाया जात नसेल, तर डब्याची उंची त्याच्या व्यासाइतकी असताना पत्रा सर्वांत कमी लागतो. बाजारात मिळणारे अनेक डबे मात्र व्यासापेक्षा बरेच उंच असतात. त्याचे कारण गणितातील चूक नव्हे. प्रश्न मांडताना जी गृहीतके धरली जातात, ती कारखान्यात पुरतेपणी लागू पडत नाहीत आणि त्यानुसार उत्तरही सरकते.

## प्रश्नाची मांडणी

डब्याची त्रिज्या r, उंची h आणि घनफळ V मानू. बूड आणि झाकण या दोन वर्तुळाकार चकत्या असून प्रत्येकीचे क्षेत्रफळ πr² असते. डब्याची भिंत उभी कापून उलगडली तर एक आयत मिळतो. त्याची एक बाजू वर्तुळाच्या परिघाइतकी, म्हणजे 2πr, आणि दुसरी h असते. म्हणून लागणारा एकूण पत्रा असा :

A = 2πr² + 2πrh

येथे r आणि h ही दोन चले दिसत असली, तरी ती एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. घनफळ ठरलेले असल्यामुळे πr²h = V ही अट पाळावीच लागते. त्रिज्या वाढवली की उंची कमी करणे भाग पडते. या अटीवरून h = V/πr² ही किंमत वरील सूत्रात घातली असता पत्रा केवळ त्रिज्येवर अवलंबून राहतो :

A(r) = 2πr² + 2V/r

पहिले पद दोन चकत्यांचे आणि दुसरे भिंतीचे आहे. डबा फार अरुंद केला तर भिंत बेसुमार उंच होते आणि दुसरे पद वाढत जाते. डबा फार पसरट केला तर चकत्याच प्रचंड होतात. या दोन टोकांच्या मधे कोठे तरी किमान किंमत असली पाहिजे.

## अवकलनाने मिळणारे उत्तर

किमान बिंदूपाशी A चा r संदर्भातील अवकलज शून्य होतो.

A′(r) = 4πr − 2V/r² = 0

यावरून r³ = V/2π, म्हणजेच V = 2πr³ मिळते. ही किंमत πr²h = V मध्ये घातली की h = 2r, अर्थात उंची व्यासाइतकी. दुसरा अवकलज A″(r) = 4π + 4V/r³ हा r च्या प्रत्येक धन किमतीसाठी धन असतो. त्यामुळे हा बिंदू किमानच आहे आणि तो एकमेव आहे.

अटीचा उपयोग करण्यापूर्वीच अवकलन करणे ही या उदाहरणातील नेहमीची चूक होय. h स्थिर समजून A = 2πr² + 2πrh चे अवकलन केले, तर 4πr + 2πh = 0 असे समीकरण येते आणि r = −h/2 ही ऋण त्रिज्या मिळते. असे अशक्य उत्तर आले की उंची स्थिर धरली गेली आहे, हे लगेच ओळखता येते. उंची खरोखरच स्थिर असती तर त्रिज्या कमी करताना घनफळही कमी होत गेले असते, आणि मग सर्वांत कमी पत्र्याचा डबा म्हणजे डबाच नसणे, असे म्हणावे लागले असते.

उत्तराचा अर्थ समीकरणाशिवायही लावता येतो. त्रिज्या एक टक्क्याने वाढवली तर चकत्यांचा पत्रा सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो, कारण तो त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. भिंतीचा पत्रा त्याच वेळी सुमारे एक टक्क्याने घटतो, कारण तो त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. ही वाढ आणि घट एकमेकींना नेमकी भरून काढतात ती भिंतीचा पत्रा चकत्यांच्या एकूण पत्र्याच्या दुप्पट असताना. ‘टोकांना एक भाग, भिंतीला दोन भाग’ हा नियम h = 2r या उत्तरापेक्षा अधिक व्यापक आहे. पुढे गृहीतके बदलली तरी, टोकांना लागणारा पत्रा r² च्या प्रमाणात आहे तोवर, हा नियम टिकतो.

## एक लिटरचा डबा

घनफळ १००० घन सेंमी असेल तर r³ = ५००/π, म्हणून त्रिज्या सुमारे ५.४२ सेंमी आणि उंची सुमारे १०.८४ सेंमी येते. दोन चकत्यांना मिळून १८४.५ चौ. सेंमी, तर भिंतीला ३६९.१ चौ. सेंमी पत्रा लागतो. एकूण पत्रा ५५३.६ चौ. सेंमी होतो. भिंतीचा पत्रा चकत्यांच्या दुप्पट आहे, हे आकड्यांतही दिसते.

## किमान बिंदूजवळचा सपाट भाग

आदर्श त्रिज्येपासून थोडे ढळले तर किती नुकसान होते, हा प्रश्न व्यवहाराच्या दृष्टीने मूळ प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. किमान बिंदूपाशी अवकलज शून्य असल्यामुळे तेथे आलेखाची वक्ररेषा जवळजवळ सपाट असते. आदर्श त्रिज्येशी असलेले गुणोत्तर x मानले, तर लागणारा पत्रा किमान पत्र्याच्या (x² + 2/x)/3 पट होतो. लहान फरकासाठी या सूत्राचा अर्थ असा, की पत्र्यातील वाढ त्रिज्येतील फरकाच्या वर्गाइतकी असते. त्रिज्येत दहा टक्के, म्हणजे ०.१ इतका फरक पडला, तर पत्रा साधारण ०.०१, म्हणजे एक टक्का अधिक लागतो.

एक लिटरच्या डब्याची त्रिज्या दहा टक्क्यांनी कमी केली तर त्याची उंची १३.४ सेंमी होते. ती व्यासापेक्षा सुमारे ३७ टक्के जास्त आहे आणि डबा डोळ्यांना स्पष्टपणे उंच दिसतो. तरी जादा पत्रा लागतो तो केवळ १.१ टक्के. उंची व्यासाच्या दुप्पट केली तरीही जादा पत्रा पाच टक्क्यांपलीकडे जात नाही. हातात नीट मावावा किंवा फळीवर कमी जागेत अधिक डबे राहावेत म्हणून उत्पादक डबा थोडा उंच करतो, तेव्हा त्याला फार मोठी किंमत मोजावी लागत नाही.

हा गुणधर्म अवकलनाच्या जन्माआधीच लक्षात आला होता. योहानेस केप्लर याने लिंझ येथे १६१३ साली आपल्या विवाहासाठी मद्याची पिंपे घेतली, तेव्हा विक्रेता पिंपात एकच पट्टी तिरकी घालून घनफळ ठरवत असल्याचे त्याने पाहिले. त्यातून १६१५ साली त्याचा पिंपांच्या घनफळावरील लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. कर्ण ठरावीक असताना सर्वाधिक घनफळाची वृत्तचिती कोणती, हा त्याचा प्रश्न येथील प्रश्नाहून वेगळा आणि कमाल किमतीचा होता. परंतु कमाल किमतीच्या जवळ आकार थोडा बदलला तरी घनफळात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, हे त्याने नोंदवले. कमाल आणि किमान किमती शोधण्याची सर्वसाधारण बैजिक रीत पिएर द फेर्मा याने पुढे १६३०च्या दशकात मांडली.

## चकत्या कापताना वाया जाणारा पत्रा

भिंतीचा आयत पत्र्यातून फारसे काही वाया न घालवता कापता येतो. वर्तुळाकार चकत्यांचे तसे नाही. पत्र्यावर 2r बाजूचे चौरस आखून प्रत्येकातून एक चकती कापली, तर चौरसाचे चारही कोपरे मोडीत जातात. पत्रा मात्र चौरसाचाच खर्च होतो. म्हणून दोन चकत्यांसाठी 2πr² ऐवजी 8r² धरावे लागतात :

M(r) = 8r² + 2V/r

अवकलज शून्य केला की r³ = V/8 आणि h/r = 8/π, म्हणजे सुमारे २.५५. उंची आता व्यासाच्या १.२७ पट झाली. चकत्या महाग पडू लागल्यामुळे त्या लहान करणे फायद्याचे ठरते आणि डबा उंच होतो.

एक लिटरसाठी हा हिशेब सुटसुटीत आहे. त्रिज्या नेमकी ५ सेंमी येते आणि उंची १२.७३ सेंमी. चकत्यांच्या चौरसांना २०० आणि भिंतीला ४०० असा एकूण ६०० चौ. सेंमी पत्रा लागतो. येथेही भिंत दुप्पटच आहे. या ६०० पैकी सुमारे ४३ चौ. सेंमी मोडीत जातो. पाठ्यपुस्तकातील ५.४२ सेंमी त्रिज्येचा डबा याच रीतीने कापला तर ६०४ चौ. सेंमी पत्रा लागेल. फरक एका टक्क्याहूनही कमी आहे, कारण दोन्ही त्रिज्या त्या सपाट भागातच आहेत.

चकत्यांची मांडणी बदलून मात्र याहून बरीच मोठी बचत साधते. चकत्यांच्या ओळी मधमाशीच्या पोळ्याप्रमाणे एकमेकींत सरकवल्या, तर प्रत्येक चकतीच्या वाट्याला चौरसाऐवजी नियमित षट्कोन येतो. त्याचे क्षेत्रफळ 2√3r², म्हणजे सुमारे ३.४६r² असते. चौरसाचे ते ४r² होते. मग h/r = 4√3/π, म्हणजे सुमारे २.२१ मिळते. एक लिटरच्या डब्याची त्रिज्या ५.२५ सेंमी, उंची ११.५७ सेंमी आणि एकूण पत्रा ५७२ चौ. सेंमी होतो. चौरस मांडणीपेक्षा हा जवळपास पावणेपाच टक्के कमी आहे. पत्र्याच्या कडांजवळ उरणारे अपुरे षट्कोन या हिशेबात धरलेले नाहीत. त्यामुळे पत्रा जितका मोठा, तितका प्रत्यक्ष खर्च या आकड्याच्या जवळ येतो.

## जाडी आणि सांधे

बूड आणि झाकण यांचा पत्रा भिंतीपेक्षा k पट जाड असेल आणि धातूचे वजन किमान करायचे असेल, तर मूळ सूत्रातील पहिले पद 2πkr² होते. एक भाग–दोन भाग हा नियम लावल्यास h = 2kr मिळते. म्हणजे टोके दीडपट जाड असतील तर आदर्श डब्याची उंचीही व्यासाच्या दीडपट होते.

सांध्यांचा परिणामही याच दिशेने होतो. तीन तुकड्यांच्या डब्यात बूड आणि झाकण भिंतीच्या कडेशी दुमडून बसवतात आणि भिंतीला एक उभा सांधा असतो. ५ सेंमी त्रिज्येच्या वरील डब्यात दोन गोल सांध्यांची लांबी मिळून जवळजवळ ६३ सेंमी भरते, तर उभा सांधा केवळ १३ सेंमीच्या आसपास असतो. सांध्याच्या प्रत्येक सेंटीमीटरला सारखाच खर्च येतो असे मानले, तर गोल सांधे आखूड करणे परवडते आणि त्रिज्या आणखी कमी होते.

शीतपेयांच्या ॲल्युमिनियमच्या डब्यांना मात्र हे सूत्र जसेच्या तसे लागू करता येत नाही. त्यांचे बूड आणि भिंत एकाच चकतीतून दाबून व ओढून घडवतात, आणि ओढताना भिंत बुडापेक्षा पातळ होते. तेथे भिंतीसाठी वेगळा आयत कापलाच जात नाही. म्हणून किमान करायची राशी पृष्ठफळ नसते, तर मूळ चकतीतील आणि वेगळ्या बसवलेल्या झाकणातील एकूण धातू असते.