बैठकीच्या विस्कळीत टिपणांतून कृतितक्ता कसा तयार करावा?

बेंगळुरू : बैठक संपते, वहीत दोन पाने भरलेली असतात; मात्र कोणते काम कोणी आणि केव्हापर्यंत करायचे, हे त्या पानांवरून सांगता येत नाही. टिपणे ज्या क्रमाने बोलणे झाले त्या क्रमाने लिहिली जातात, तर वाचणाऱ्याला ती विषयवार हवी असतात. या दोहोंतील अंतर भरून काढण्याची एक सोपी पद्धत आहे.

मार्च २०२४ मध्ये तीव्र पाणीटंचाईच्या काळात बेंगळुरूच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाने पिण्याचे पाणी वाहने धुण्यासाठी व बागेसाठी वापरण्यास मनाई केली आणि उल्लंघनासाठी ५,००० रुपये दंड ठरवला. त्यानंतर रविवारी, १० मार्च रोजी एखाद्या गृहसंकुलाच्या समितीची बैठक झाली, असे उदाहरणादाखल मानू. सचिवांच्या वहीतील नोंदी अशा आहेत :

१. रोज ६ टँकर, दर वाढला
२. गाड्या धुणे बंद, ५,००० दंड. सूचना सचिव लावतील
३. बोअरवेल खोल करायची का? खर्च?
४. सांडपाणी शुद्ध करून बागेला, पाइप हवा
५. नळांना एरेटर, खजिनदार दोन दरपत्रके आणतील, पुढच्या रविवारी
६. बोअरवेलआधी भूजल तपासणी, कोणीतरी बघा
७. टँकर ४ वर आणू, सर्वांना मान्य
८. बागेचा पाइप देखभालप्रमुख बसवतील, महिनाअखेर

पहिली पायरी म्हणजे प्रत्येक ओळीला क्रमांक देणे आणि मूळ पान जसेच्या तसे जपून ठेवणे. दुसऱ्या पायरीत प्रत्येक नोंदीपुढे खूण करावी : माहितीसाठी ‘मा’, निर्णयासाठी ‘नि’, कृतीसाठी ‘कृ’ आणि अनिर्णित प्रश्नासाठी ‘प्र’. एका ओळीत दोन गोष्टी असतील, तर ती तोडावी. दुसऱ्या ओळीत गाड्या धुणे बंद हा निर्णय आहे, तर सूचना लावणे ही कृती.

तिसऱ्या पायरीत विषय एकत्र आणावेत. बोअरवेलचा विषय तिसऱ्या आणि सहाव्या ओळीत, तर बागेचा चौथ्या आणि आठव्या ओळीत विखुरलेला आहे. मथळे ‘चर्चा’ किंवा ‘इतर’ असे न देता विषयाच्या नावाने द्यावेत. आराखडा असा होतो :

टँकर व पाणीवापर
- सध्या रोज ६ टँकर येतात. दर वाढला आहे. (१)
- निर्णय : टँकर ४ वर आणणे. (७)
- निर्णय : गाड्या धुणे बंद. (२)

नळ व बाग
- नळांना एरेटर बसवण्यासाठी दरपत्रके मागवणे. (५)
- बागेला शुद्ध केलेले सांडपाणी, त्यासाठी पाइप. (४, ८)

बोअरवेल
- आधी भूजल तपासणी. (६)
- अनिर्णित : खोल करायची का, खर्च किती? (३)

आता केवळ कृती वेगळ्या काढून तक्ता करावा :

| कृती | जबाबदारी | मुदत | ओळ |
|---|---|---|---|
| मनाईची सूचना लावणे | सचिव | ठरली नाही | २ |
| एरेटरची दोन दरपत्रके आणणे | खजिनदार | १७ मार्च | ५ |
| भूजल तपासणी करून घेणे | ठरली नाही | ठरली नाही | ६ |
| बागेचा पाइप बसवणे | देखभालप्रमुख | ३१ मार्च | ८ |

‘पुढच्या रविवारी’ ही नोंद आठवड्यानंतर वाचणाऱ्याला वेगळाच दिवस सांगते, म्हणून तक्त्यात तारीखच लिहावी. जबाबदारीच्या रकान्यात एकच व्यक्ती किंवा पद असावे. ‘समिती’ असे लिहिल्यास काम कोणाचेच राहत नाही.

सर्वांत मोठी चूक होते ती रिकामी जागा अंदाजाने भरताना. टँकर कमी करण्याचा निर्णय झाला, पण पुरवठादाराला कोण कळवणार, हे टिपणात कोठेच नाही. ते काम सचिवांच्या नावावर परस्पर टाकू नये. ‘ठरली नाही’ असे रकाने आणि असे सुटलेले प्रश्न अध्यक्षांकडून त्याच दिवशी भरून घ्यावेत. तसेच, कोणी सुचवलेली गोष्ट मान्य झाल्याची नोंद नसेल, तर तिला निर्णय म्हणू नये.

शेवटी दुहेरी पडताळणी करावी. तक्त्यातील प्रत्येक कामाला ओळ क्रमांक आहे का, आणि वहीतील प्रत्येक ओळ आराखड्यात कोठेतरी आली आहे का, हे पाहावे. क्रमांक नसलेले काम लिहिणाऱ्याने स्वतः जोडलेले असते. न सापडलेली ओळ निसटलेली असते.

हा तक्ता म्हणजे इतिवृत्त नव्हे. कंपन्यांच्या संचालक मंडळाच्या बैठकींसाठी कंपनी सचिव संस्थेच्या मानकानुसार इतिवृत्ताचा मसुदा १५ दिवसांत संचालकांना पाठवावा लागतो, त्यांना अभिप्रायासाठी ७ दिवस मिळतात आणि ३० दिवसांत इतिवृत्त पुस्तकात नोंद करावी लागते. कामे मात्र इतके दिवस थांबत नाहीत. वरील उदाहरणात एरेटरच्या दरपत्रकांची मुदत सातव्या दिवशीच संपते. त्यामुळे तक्ता बैठकीच्याच दिवशी सर्वांच्या हाती पडायला हवा.