आठवड्याला दोनदा, पंचवीस मिनिटं: धावपळीच्या महिन्यांत स्नायू कसे टिकवायचे?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटवरून सुचला. ठाण्याच्या एक श्रोत्या आहेत, वय ४१, व्यवसायानं सीए. गेली दोन वर्षं आठवड्यातून चार दिवस जिम, आणि अगदी नेटानं. पण जुलै ते ऑक्टोबर म्हणजे रिटर्न आणि टॅक्स ऑडिटचा हंगाम. त्या विचारतात, "चार दिवस आता जमणारच नाहीत. मग रोज घरी दहा मिनिटं तीन किलोचे डंबेल उचलू का? निदान सवय तरी मोडणार नाही."

सवय मोडणार नाही, हे खरं. पण स्नायू टिकतील का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्यांच्या अंदाजापेक्षा बरंच दिलासा देणारं आहे. फक्त काय कमी करायचं आणि काय नाही, हे कळायला हवं.

स्नायू कमवायला जेवढं काम लागतं, त्याच्या एका लहानशा भागात कमावलेलं टिकतं. यावर अमेरिकेत अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम शाखेतल्या संशोधकांनी एक छान प्रयोग केला होता, २०११ साली तो प्रसिद्ध झाला. लोकांनी आधी १६ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, पायांचे तीन व्यायाम केले. मग पुढचे ३२ आठवडे त्यांचे गट पाडले. एका गटानं व्यायाम पूर्ण थांबवला, दुसऱ्यानं आधीच्या एक तृतीयांश एवढाच ठेवला आणि तिसऱ्यानं फक्त एक नवमांश. एक नवमांश म्हणजे किती? आठवड्यातून एकच दिवस, प्रत्येक व्यायामाचा एकच सेट! आणि तरीही वीस ते पस्तिशीतल्या लोकांच्या स्नायूंचा आकार टिकून राहिला. साठीच्या पुढच्या मंडळींची ताकद बऱ्यापैकी टिकली, पण आकार मात्र तेवढ्यावर टिकला नाही. त्यांना जास्त लागतं.

आता यातली मेख बघा. दिवस कमी झाले, सेट कमी झाले, पण वजन कमी झालं नाही. प्रत्येक सेट आधीइतकाच जड होता. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. वेळ नाही म्हणून हलकं वजन घेतात आणि रोज करतात. शरीर स्नायू पोसतं ते गरज असेल तर, आणि गरज आहे हे त्याला कळतं ताणावरून. हलक्या कामाला स्नायूतले थोडेच तंतू लागतात. मोठे, ताकदीचे तंतू कामाला लागतात ते वजन जड असेल तेव्हा, किंवा हलकं वजन उचलता उचलता हात अगदी भरून येतात तेव्हा. शंभर किलोचा लेग प्रेस करणाऱ्या बाईला तीन किलोच्या डंबेलचे बारा रेप्स म्हणजे पिशवीतून दूध आणण्यासारखंच आहे.

तर या सीए ताईंसाठी आम्ही असं बसवलं. आधी त्यांचे पायांचे आठवड्याला बारा सेट व्हायचे, छाती-खांदे मिळून साधारण तेवढेच आणि पाठीचेही तेवढेच. आता प्रत्येकाचे चार. म्हणजे एक तृतीयांश. एक नवमांशावर का नाही नेलं? कारण त्या पंचविशीच्या नाहीत, शिवाय या हंगामात झोप आणि जेवण दोन्हीची हेळसांड होणार. थोडी राखीव शिल्लक बरी.

मंगळवारी लेग प्रेस, डंबेल बेंच प्रेस आणि केबल रो. शनिवारी रोमानियन डेडलिफ्ट, शोल्डर प्रेस आणि लॅट पुलडाऊन. प्रत्येकी दोन सेट, आठ ते बारा रेप्स. वजन जूनमध्ये होतं तेच: लेग प्रेस १०० किलो, बेंचला १२-१२ किलोचे डंबेल, रो ३५ किलो.

वेळेचा हिशोब मांडू या, सीए आहेत म्हटल्यावर तो लागणारच. लेग प्रेसवर आधी ५० आणि मग ७५ किलोनं थोडे थोडे रेप्स, हाच वॉर्मअप, चार मिनिटं. मग खरे दोन सेट, मध्ये दोन मिनिटं विश्रांती, धरा सहा मिनिटं. त्यानंतर बेंच आणि रो यांची जोडी लावायची. बेंचचा सेट, एक मिनिट थांबा, रोचा सेट, पुन्हा एक मिनिट. एक ढकलण्याचा, दुसरा ओढण्याचा, त्यामुळे एकाचे स्नायू काम करताना दुसऱ्याचे विसावा घेतात. हलक्या सेटसकट दहा-बारा मिनिटांत आटोपतं. झाले बावीस. मशीन मोकळं मिळायला लागतील ती तीन मिनिटं धरून पंचवीस. कार्डिओ यात नाही. दमसास टिकवायचा तर तो वेगळा विषय आहे, या दोन सत्रांच्या भरवशावर राहू नका.

सेट पुरेसा जड झाला की नाही, हे कसं ओळखायचं? शेवटचे दोन-तीन रेप्स तुम्ही जोर लावूनही आपोआप संथ होतात. सेट संपला तेव्हा फार तर एक-दोन रेप्स शिल्लक असावेत. "अजून पाच सहज झाले असते" असं वाटलं, तर तो सेट धरायचाच नाही. एखाद्या आठवड्यात जिमला जाणं झालंच नाही, तर घरच्या हलक्या डंबेलवरही चालेल, पण मग पंचवीस-तीस रेप्स होईपर्यंत, अगदी नको नको होईस्तोवर करावं लागेल. ते खरं तर जास्त त्रासदायक आहे.

वही ठेवा. एका मंगळवारी बेंचचे नऊऐवजी सात रेप्स झाले तर घाबरू नका, आदल्या रात्री झोप झाली नसेल. पण सलग तीन आठवडे त्याच वजनाला रेप्स घटत असतील, तर आधी झोप आणि जेवण तपासा. तिथे सगळं ठीक असेल, तर त्याच व्यायामाला एक सेट वाढवा. सगळ्यांना नाही, त्या एकालाच.

आणि जेवण. या ताईंचं वजन ६० किलो आहे, त्यांना दिवसाला सत्तर ते नव्वद ग्रॅम प्रथिनं हवीत. ऑफिसात चहा-बिस्किटांवर दिवस काढला तर ती होत नाहीत. त्या शाकाहारी आहेत, म्हणून डब्यात ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्सची भाजी सुचवली, त्यातून पंचवीस ग्रॅम येतात. संध्याकाळी १०० ग्रॅम पनीर, त्यातून अठरा. उरलेली डाळ, दही, पोळी यांतून भरून निघतात. एक मात्र करू नका: याच चार महिन्यांत वजन उतरवण्याचं डाएट. खाणं कमी आणि व्यायामही कमी, म्हणजे स्नायू दोन्हीकडून कापले जातात.

या योजनेतून नवीन स्नायू फारसे येणार नाहीत, ते अपेक्षितही नाही. साठीच्या पुढच्या श्रोत्यांनी दोनाऐवजी तीन सेट धरावेत, आणि गुडघा, पाठ किंवा रक्तदाबाची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि ऑडिटच्या शेवटच्या पंधरवड्यात सगळंच बुडालं तर? परत आल्यावर पहिल्या सत्रात वजन दहा टक्के कमी धरा, १०० चं ९०, आणि एकच सेट करा. नाहीतर दोन दिवस जिना उतरताना रेलिंग धरावं लागेल. दुसऱ्या आठवड्यात जुन्या आकड्यावर या.

तुमचे आकडे आणि अडचणी व्हॉइस नोटनं पाठवा. भेटू पुढच्या भागात.