जाहिरात लागली की आवाज का चढतो?

रात्री मालिकेत दोघं हळू आवाजात बोलत असतात. नीट ऐकू यावं म्हणून आपण आवाज वाढवतो, तेवढ्यात जाहिरात लागते आणि शेजारी झोपलेलं मूल दचकून जागं होतं.

डिजिटल प्रसारणात आवाजाला एक वरची मर्यादा असते. मालिका काय, जाहिरात काय, दोन्ही तिच्या आतच असतात. मालिकेत दार आपटलं की आवाज क्षणभर त्या मर्यादेपाशी जातो, पण संवाद बरेच खाली असतात. जाहिरात तयार करताना मात्र त्यातले हळू आवाजही उचलून मोठ्या आवाजांच्या जवळ आणतात. याला कॉम्प्रेशन म्हणतात. मग ती अख्खी जाहिरात मर्यादेला चिकटून वाजते. क्षणाच्या टोकापेक्षा सलग भरलेला आवाज कानाला मोठा वाटतो.

म्हणून आता टोकाऐवजी कानाला जाणवणारी सरासरी मोजतात. अमेरिकेत डिसेंबर 2012पासून टीव्हीवरच्या जाहिराती कार्यक्रमाच्या सरासरीपेक्षा मोठ्या नसाव्यात, असा कायदा लागू आहे. पण सरासरीतच पळवाट राहते. समजा, चित्रपटाची आणि जाहिरातीची सरासरी सारखीच आहे, पण जाहिरातीआधीचा कुजबुजीचा प्रसंग त्या सरासरीपेक्षा 14 डेसिबल खाली आहे. साधारण 10 डेसिबल वाढले की आवाज दुप्पट वाटतो. म्हणजे नियम पाळूनही जाहिरात दुपटीहून मोठी ऐकू येते.

ही दरी घरच्या घरी कमी करता येते. टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये Sound विभागात Auto Volume किंवा तशा नावाचा पर्याय असतो, काही टीव्हींवर तो Expert किंवा Advanced या भागात दडलेला असतो. तो सुरू केला की टीव्ही येणारा आवाज सतत मोजतो, मोठा खाली दाबतो आणि हळू वर उचलतो. यूट्यूबवर व्हिडिओच्या सेटिंग्जमध्ये Stable volume आहे, पण तो त्या व्हिडिओचा आवाज सपाट करतो. मधल्या जाहिरातींसाठी टीव्हीचंच सेटिंग भरवशाचं.

साउंडबार जोडला असेल तर हे सेटिंग चालू करूनही काही फरक पडत नाही, असं बऱ्याचदा होतं. टीव्हीचं Digital Output हे Pass-through किंवा Bitstream वर असलं की आवाज टीव्हीत प्रक्रिया न होता थेट बाहेर जातो. ते PCM वर ठेवून पाहा, किंवा साउंडबारमध्येच Night मोड आहे का ते शोधा.

सेटिंग जास्त जोरात काम करत असेल तर तेही लगेच कळतं. संवाद थांबला की मागची पावसाची किंवा पंख्याची घरघर फुगत वर येते आणि कुणी बोलू लागलं की दबते. असं झालं तर पर्याय Low वर आणावा. गाण्याची मैफल ऐकताना तर मी तो बंदच ठेवते. हळुवार आलापातून गायक तार सप्तकात जातो तेव्हाची चढण या सेटिंगमध्ये सपाट होते, आणि मैफलीत मला तीच हवी असते.