साधी धार, दातेरी धार

सुरीची साधी धार ही पात्याच्या टोकापासून मुठीपर्यंत गेलेली एक अखंड रेघ असते. दातेरी धारेत ही रेघ मोडून तिचे दाते आणि दोन दात्यांमधल्या खाचा केलेल्या असतात. दोन्ही धारा कापतातच, पण पदार्थात शिरण्याची त्यांची रीत वेगळी आहे. कोणत्या कामाला कोणती सुरी घ्यायची, हे त्या रीतीवरूनच ठरते.

साधी धार पदार्थावर टेकते तेव्हा हाताचा जोर तिच्या टेकलेल्या सगळ्या लांबीवर वाटला जातो. धार पुरेशी बारीक असेल तर तेवढ्याने भागते. धार जराशी बसली असेल तर मात्र पिकलेल्या टोमॅटोची चिवट, गुळगुळीत साल फाटण्याआधी आतला मऊ गर दबतो आणि फोडीऐवजी रस हाती येतो. दातेरी सुरीत तोच जोर मोजक्या टोकांवर एकवटतो. सुरी ओढताच टोके सालीत रुततात आणि मागोमाग खाचांची धार त्या चिरेत शिरते. म्हणून बाहेरून टणक किंवा चिवट आणि आतून मऊ असलेल्या पदार्थांसाठी दातेरी सुरी सोयीची. खरपूस कवचाचा पाव हे त्याचे ठळक उदाहरण. लांब दातेरी सुरी पुढेमागे सावकाश ओढली, वरून दाब दिला नाही, तर कवच कापले जाते आणि आतली जाळी चेपत नाही. केकचे आडवे थर कापतानाही हेच. टोमॅटोपुरते एवढे सांगायला हवे, की नुकतीच नीट धार लावलेली साधी सुरी दातेरीपेक्षा स्वच्छ फोडी करते. घरोघरी टोमॅटोला दातेरी सुरी लागते, कारण साध्या सुरीला धार लावायचे राहून गेलेले असते.

ओढून कापण्याचा हा गुण शेतातही वापरला जातो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘वैभव’ विळा दातेरी आहे. भाताचा चूड एका हाताने मुठीत धरून विळा आपल्याकडे ओढला की दाते गुळगुळीत काडीवरून न घसरता तिला पकडतात आणि कापतात. त्याला साध्या विळ्यासारखी वरचेवर धार लावावी लागत नाही.

दातेरी धार उघडी पडते ती बारीक चिरताना. कोथिंबिरीची जुडी पाटावर ठेवून दातेरी सुरीने चिरून पाहावी. पाटाला फक्त दात्यांची टोके टेकतात, खाचा वरच राहतात. खाचेखाली आलेली देठे अर्धवट कापली जातात आणि उचलताना एकमेकांना लोंबकळत येतात. ती तोडायला सुरी पुन्हा पुन्हा फिरवली की पाने चुरडून पाट हिरवा ओला होतो. साधी धार पाटाला सलग टेकते, त्यामुळे एका दाबात काम होते. कांदा चिरणे, बटाटा सोलणे, मासळीचे काटे काढणे, मांसाचे पातळ काप करणे ही सगळी साध्या धारेची कामे. त्यातही सोलताना धार कुठे चालली आहे हे हाताला कळावे लागते, आणि दाते मध्येच अडकले की तो अंदाज जातो. बहुतेक दातेरी सुऱ्या एकाच बाजूने घासलेल्या असतात. त्यामुळे जाड पाव कापताना सुरी हळूहळू एका बाजूला सरकते आणि काप एका कडेला जाड, दुसरीकडे पातळ होतो. यात हाताचा दोष नसतो.

देखभालीत दोघींचे मार्ग आणखी लांब जातात. साधी धार लवकर बसते, पण तिला पुन्हा धार लावणे सोपे असते. दिव्याखाली सुरी धार वर करून धरावी. चांगली धार प्रकाश परतवत नाही, बोथट जागी पांढरी रेघ चमकते. पुष्कळदा धार झिजलेली नसते, नुसती एका बाजूला वळलेली असते. पोलादी सळईवर दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवली की ती सरळ होते. तेवढ्याने भागले नाही तर दगड घ्यावा. घरगुती सुरीला 1000 ग्रिटचा दगड पुरतो, आणि कोन प्रत्येक बाजूला 15 ते 20 अंश ठेवतात. कोन मोजायला साधन लागत नाही. पाते 4 सेंटीमीटर रुंद असेल आणि त्याची पाठ दगडापासून सुमारे 1 सेंटीमीटर वर धरली, तर 15 अंश होतात. 2 सेंटीमीटरच्या लहान सुरीला अर्धा सेंटीमीटर. मुठीपासून टोकापर्यंत सगळे पाते त्याच उंचीवर घासत राहावे. दुसऱ्या बाजूला धातूची अगदी बारीक खरखरीत कड, म्हणजे बर, बोटाला जाणवू लागली की ती बाजू झाली. बोट पाठीकडून धारेकडे, आडवे फिरवावे, धारेवरून लांबीने कधीच नाही. मग पाते उलटून तसेच घासावे आणि शेवटी दोन्ही बाजूंनी हलके हात देऊन बर काढावी. बर सलग न येता तुकड्यातुकड्यात आली, तर कोन मध्येच बदलला असे समजावे.

दातेरी धार बराच काळ टिकते. ताटाचा किंवा पाटाचा मार टोके झेलतात आणि खाचांमधली धार वाचते. ती बोथट होत आल्याचे उशिरा लक्षात येते, कारण बोथट दातेही करवतीसारखे कापतच राहतात. पावाचा चुरा वाढला आणि कापाची कड फाटकी दिसू लागली, की वेळ झाली असे समजावे. हिला सपाट दगड चालत नाही. तो टोकेच झिजवतो आणि खाचांपर्यंत पोहोचत नाही. ओढून धार लावायच्या छोट्या यंत्रांचाही हाच तोटा. त्यासाठी निमुळती होत गेलेली गोल सिरॅमिक किंवा हिऱ्याचा थर दिलेली सळई मिळते. पात्याची घासलेली बाजू आधी ओळखावी: खाचांचे खळगे जिथे दिसतात ती. सळई खाचेत नीट बसेल तिथवर सरकवावी. तिथला भाग खाचेपेक्षा जाड असेल तर दोन्हीकडचे दाते खाल्ले जातात. मूळच्या उतारालाच धरून प्रत्येक खाचेत पाच ते दहा वेळा फिरवावी, उलट बाजूला बर लागली की थांबावे आणि पुढची खाच घ्यावी. सगळ्या खाचा झाल्यावर सपाट बाजू बारीक दगडावर पूर्ण टेकवून एक-दोनदा अलगद पुसावी, म्हणजे बर निघते. सपाट बाजूला कोन देऊन घासले तर दाते आखूड होतात. सळई नसेल तर पेन्सिलीला गुंडाळलेला बारीक पॉलिश पेपर चालतो, काम तेवढे सावकाश होते.

दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या फिरत्या दगडावर साधी सुरी देता येते, पण ठिणग्या उडत असताना पाते फार वेळ टेकवू देऊ नये. धारेजवळ निळसर छटा आली तर तिथले पोलाद तापून मऊ पडलेले असते आणि ती धार टिकत नाही. दातेरी सुरी त्याला देऊच नये, दाते एका फेरीत जातात. प्लॅस्टिकच्या मुठीच्या स्वस्त सुऱ्यांचे दाते इतके बारीक असतात, की त्यांत कोणतीच सळई मावत नाही. त्या बोथट झाल्या की बदलतात. मोठ्या दात्यांची पावाची सुरी अनेकदा धार लावून घेते, मात्र दरवेळी खाचा थोड्या रुंद आणि टोके थोडी बुटकी होतात. टोके पावाच्या कवचावरून घसरू लागली, की सळईचा उपयोग संपतो आणि दाते कारखान्यातूनच नव्याने पाडून घ्यावे लागतात.